बॅकटेस्ट अहवाल

सौद्यांचे ठरावीक नियम जुन्या भावांवर चालवून काढलेला नफा-तोट्याचा तपशील. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकाचे वायदे जून 2000 मध्ये सुरू झाले (पाहा : वायदे बाजार); निफ्टी वायद्यांवरील चाचण्या तेथील भावांवर होतात. एकूण नफ्याला एकूण तोट्याने भागले की प्रॉफिट फॅक्टर मिळतो. समजा, 20 सौद्यांत नफा 3 लाख आणि तोटा दीड लाख रुपये, फॅक्टर 2. मात्र 1 लाख 40 हजारांचा नफा एकट्या 23 मार्च 2020 च्या सौद्याचा असेल (त्या दिवशी निफ्टी सुमारे 13 टक्के कोसळला), तर तो वगळता फॅक्टर 1.07 उरतो. सौद्यामागे हजार रुपये दलाली व कर धरल्यास उरलेल्या सौद्यांत तोटाच दिसतो. भांडवलाच्या चढत्या आलेखात हे कळत नाही. सौदे थोडे असले की एकच सौदा निकाल फिरवतो, त्यामुळे सौद्यांची संख्या आधी पाहावी. अहवालातील कमाल ड्रॉडाउन म्हणजे भांडवलाची शिखरापासून तळापर्यंतची सर्वांत मोठी घट. 38 टक्के घट भरून यायला सुमारे 61 टक्के वाढ लागते (पाहा : जोखीम).