वर्गात पुस्तक-परीक्षण सादर करताना : ‘श्यामची आई’च्या निमित्ताने

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातल्या आपल्या मुलांना आठवी-नववीत एकदा तरी ‘एक पुस्तक वाचून वर्गासमोर पाच मिनिटे बोला’ असे सांगितले जाते. कुणाला ते मराठी माध्यमाच्या वर्गात बोलायचे असते, कुणाला कन्नड किंवा इंग्रजीच्या तासाला. भाषा कोणतीही असो, शिक्षक चारच गोष्टी मागतात : सारांश, आवडलेला भाग, टीका आणि शिफारस. घरात मराठी पुस्तक शोधले तर पहिले हाती लागते ते बहुधा साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. म्हणून तेच उदाहरण घेऊन ही मांडणी सांगतो. माझी नात गेल्या वर्षी हेच पुस्तक घेऊन वर्गात बोलली. तिने कागद तीनदा फाडला आणि तिन्ही वेळा अडली ती टीकेपाशी.

आधी वेळेचे पाहू. पाच मिनिटांत मूल सावकाश बोलले तर वहीची दोन-अडीच पाने होतात, त्याहून जास्त नाही. त्यातला दीड मिनिट सारांशाला, दीड मिनिट आवडलेल्या भागाला, तितकाच टीकेला आणि उरलेला अर्धा शिफारशीला द्यावा. बहुतेक मुले चार मिनिटे गोष्ट सांगतात, मग घड्याळाकडे पाहून ‘पुस्तक खूप छान आहे, सर्वांनी वाचावे’ म्हणून बसतात. म्हणजे चारपैकी तीन भाग राहूनच जातात.

सारांशात या पुस्तकाची अडचण अशी की ती एक सरळ गोष्ट नाही. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. ‘पहिल्या रात्री असे झाले, दुसऱ्या रात्री तसे झाले’ असे सुरू केले की पाच मिनिटांत सहावी रात्रही येत नाही. आधी पुस्तकाचा सांगाडा शोधायचा. तो चार वाक्यांत बसतो. कोकणातल्या एका खोताच्या घरातला मुलगा आपल्या आईच्या आठवणी सांगतो आहे. सुरुवातीला घर खाऊनपिऊन सुखी आहे, पुढे कर्ज वाढत जाते आणि घराची अब्रूही जाते. त्या सगळ्या काळात आई मुलाला घडवत राहते. शेवटी श्याम शिकायला दूर असताना ती जाते. हे झाले की दोन-तीन रात्रींची फक्त नावे घ्यावीत, म्हणजे पुस्तक कसे पुढे सरकते ते कळते : ‘मुकी फुले’, मग ‘कर्ज म्हणजे जिवंतपणी नरक’, मग ‘आईचा शेवटचा आजार’.

‘शेवट सांगू नये’ हा नियम मुलांनी कुठेतरी ऐकलेला असतो. इथे तो लागू होत नाही, कारण आई गेलेली आहे हे वाचकाला आरंभापासून माहीत असते. रहस्यकथा असेल तर मात्र शेवट झाकून ठेवावा.

लेखकाविषयी दोन वाक्ये पुरेत. साने गुरुजींचा जन्म 1899 साली दापोलीजवळच्या पालगडचा. हे पुस्तक त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहिले आणि 1935 साली ते छापून आले. ही माहिती उगाच द्यायची नाही. घरापासून तोडलेला माणूस घर आठवतो आहे हे कळले की पुस्तकातला ओलावा कुठून आला ते कळते, एवढ्यासाठीच ती द्यायची.

एक धोका सांगून ठेवतो. आचार्य अत्र्यांचा 1953 चा चित्रपट अनेक घरांत पाहिलेला असतो आणि मुले नकळत चित्रपटच सांगतात. शिक्षकांच्या हे पटकन लक्षात येते, कारण असे मूल प्रसंग सांगते पण त्या रात्रीचे नाव सांगू शकत नाही आणि आश्रमातले ऐकणारे सोबती त्याच्या बोलण्यात कुठेच येत नाहीत.

आवडलेल्या भागासाठी एकच प्रसंग घ्यावा. नातीने ‘अळणी भाजी’ घेतली. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, उलट भाजी चांगली झाली म्हणतात, आणि त्यांच्याकडे पाहून मुलेही गप्प राहतात. नंतर आई जेवायला बसते तेव्हा पहिल्याच घासाला तिला कळते आणि ती चुटपुटते. इतका प्रसंग सांगायला पाऊण मिनिट लागतो. उरलेल्या पाऊण मिनिटात ‘का आवडला’ हे सांगायचे आणि तिथे ‘मनाला भिडला’ चालत नाही. नातीने आधी तसेच लिहिले होते. मी विचारले, “भिडला म्हणजे कुठे?” ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “आजोबा, आपल्याकडं आमटी खारट झाली की सगळे एकदम ओरडतात. तिथं कुणी ओरडलंच नाही.” मी म्हटले, “हेच लिही.” पुस्तकातली गोष्ट आणि आपल्या घरातली गोष्ट शेजारी ठेवली की कारण आपोआप दिसते. तिने पुढे एक बारीक गोष्टही टिपली : बहुतेक रात्री आई शिकवते, या रात्री वडील शिकवतात, आणि तेही एक शब्द न बोलता.

आता टीका. नातीचा पहिला कागद असा होता : ‘या पुस्तकात कोणतीही चूक नाही.’ मी कारण विचारले तर म्हणाली, “श्यामच्या आईला नावं कशी ठेवायची? पाप लागंल की!” हा प्रश्न आपल्या घरांत खरा आहे. ज्या पुस्तकाला घरातली मोठी माणसे हात जोडतात, त्याच्यावर मुलाने काय बोलायचे? पण आपल्याकडे टीका या शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्ञानेश्वरीलाही आपण गीतेवरची टीका म्हणतो आणि तिथे टीका म्हणजे उलगडून सांगणे. कन्नडमध्ये परीक्षणाला विमर्शे म्हणतात, आणि मराठीतही विमर्श म्हणजे विचारच. वर्गात मागतात ती टीका या जातीची असते.

दुसरा कागद उलट टोकाला गेला : ‘पुस्तकात सगळे सारखे रडतात, कंटाळा येतो. शब्द अवघड आहेत.’ हे खोटे नाही, पण ही टीका अजून वाचणाऱ्याची आहे, पुस्तकाची नाही. शब्दांचे तर सरळ आहे. खोत म्हणजे काय, तामस्तीर्थ कुठे, समुद्राकाठचा पाऊस कसा, हे ज्वारी-तुरीच्या आपल्या रानात वाढलेल्या मुलाला ठाऊक नसणारच. तो लेखकाचा दोष नव्हे. ‘मला समजले नाही’ आणि ‘लेखकाला जमले नाही’ ही दोन वाक्ये मुलाने वेगळी लिहायला शिकावे. पहिल्या प्रकारचे वाक्य सांगायला हरकत नाही, पण ते टीकेत नको, शिफारशीत घालावे. ते कसे, हे पुढे येईल.

टीकेचे वाक्य पक्के आहे की नाही हे तपासायला मी तिला तीन गोष्टी विचारल्या. पुस्तकात ते नेमके कुठे आहे? त्यामुळे वाचताना काय होते? आणि लेखकाच्या बाजूने कुणी काय म्हणेल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती टीका राहत नाही, नुसती नाराजी राहते.

यातून तिचे दोन मुद्दे तयार झाले. पहिला असा. ‘अळणी भाजी’त वडिलांचे गप्प बसणेच सगळे सांगून जाते. तरी शेवटी श्याम सोबत्यांना त्यातला बोध पुन्हा समजावतो आणि बऱ्याच रात्रींचा शेवट असाच होतो. त्यामुळे वाचणाऱ्याला स्वतः शोधायला काही उरत नाही. लेखकाच्या बाजूने म्हणता येईल की हे आश्रमातल्या तरुण सोबत्यांना सांगितलेले बोल आहेत, तिथे बोध सांगणे स्वाभाविक आहे. नातीने दोन्ही बाजू सांगितल्या आणि स्वतःचे मत दिले : तोंडी ऐकताना ते खटकणार नाही, छापील वाचताना खटकते.

दुसरा मुद्दा तिचा तिनेच काढला आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. ‘आनंदाची दिवाळी’ या रात्रीत आईला भाऊबीजेची ओवाळणी मिळते आणि त्या पैशांतून ती वडिलांसाठी धोतर आणवते, कारण त्यांचे फाटलेले असते. श्यामला यात आईचे प्रेम दिसते. नातीने विचारले, “आईचं लुगडं फाटलं नव्हतं का? तिला स्वतःला काय पाहिजे होतं ते पुस्तकात कुठं आहे?” मी तिला पुन्हा पाने चाळायला लावली. तिने लिहिले की सगळे पुस्तक मुलाच्या डोळ्यांनी सांगितलेले असल्यामुळे आई दुसऱ्यांसाठी काय करते हे भरपूर दिसते, पण ती एकटी असताना काय विचार करत असेल ते फार थोडे कळते. आणि लेखकाची बाजू? आई जाऊन कितीतरी वर्षे झाल्यावर मुलगा जे आठवेल तेच सांगू शकतो. तिच्या मनातले तो बनवून सांगत नाही, हा एका अर्थी प्रामाणिकपणाच. अशी टीका केल्याने पुस्तक लहान होत नाही आणि आईला नावेही ठेवली जात नाहीत.

शिफारशीत ‘सर्वांनी वाचावे’ हे वाक्य टाळावे, कारण त्यातून कुणालाच काही कळत नाही. कुणी वाचावे, कुणाला जड जाईल आणि कुठून सुरू करावे, एवढे सांगावे. नातीचे वाक्य होते : ज्यांना लहान लहान गोष्टी आवडतात त्यांनी ‘अळणी भाजी’ किंवा ‘श्यामचे पोहणे’पासून सुरू करावे आणि मग पहिल्या रात्रीकडे यावे, ज्यांना वेगवान गोष्ट हवी त्यांना हे संथ वाटेल. कोकणी शब्द अडतात ही मघाची अडचण इथे घालायची, ‘घरातल्या मोठ्यांजवळ बसून वाचा’ या सल्ल्यासकट. कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात शांता गोखले यांचे इंग्रजी भाषांतर आहे हे जरूर सांगावे, नाहीतर मराठी न येणाऱ्या मुलांसाठी शिफारस फुकट जाते. त्या वर्गात मराठी शब्दही दोन-तीनच वापरावेत आणि प्रत्येक शब्द आला तिथेच समजावून पुढे जावे.

सरावाच्या वेळी पूर्ण निबंध पाठ करू देऊ नका. मधले एक वाक्य विसरले की पाठ केलेले मूल तिथेच थांबते. चार भागांची चार पोस्टकार्डाएवढी कार्डे करावीत आणि प्रत्येकावर पाच-सहा शब्द लिहावेत, जसे ‘मीठ – वडील गप्प – आपली आमटी’. घरात उभे राहून मोठ्याने दोनदा बोलायला लावावे आणि घड्याळ मोठ्यांनी धरावे. सहा मिनिटे झाली तर सारांशातले कापा, टीकेला हात लावू नका.

नाती वर्गात बोलली तेव्हा शेवटी एका कन्नड मैत्रिणीने विचारले, “त्या आईला शेवटपर्यंत स्वतःसाठी काहीच मिळालं नाही का?” नाती म्हणाली, “पुन्हा वाचून सांगते.” त्या संध्याकाळी ती पुस्तक घेऊन परत ओसरीवर बसली.