धावली ती ठाण्याला

मंडळी, मागच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं की वाक्यात जोर कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळतं कसं. आज त्यातला एकच प्रकार घेऊ.

रात्री नऊची वेळ. ठाण्याहून उभ्याने प्रवास करून माणूस डोंबिवलीला घरी पोचतो. घरचे विचारतात, "चहा टाकू, की पान वाढू?" तो म्हणतो, "मला हवी आहे ती विश्रांती." त्याने "मला विश्रांती हवी आहे" असं म्हटलं असतं तरी माहिती तीच मिळाली असती. पण पहिल्या वाक्यात त्याने वाक्याचे दोन तुकडे केले. 'मला काहीतरी हवं आहे' हा तुकडा दोघांनाही मान्य म्हणून बाजूला ठेवला, आणि 'विश्रांती' तेवढी नवी म्हणून पुढे केली. चहा नको आणि जेवणही नको, हे न बोलताच सांगून झालं. इंग्रजी व्याकरणात अशा वाक्यांना 'दुभंगलेलं वाक्य' या अर्थाचं नाव आहे. ते रूढ झालं येस्पर्सन या डॅनिश पंडितामुळे, १९३७ च्या त्याच्या पुस्तकापासून. (आत्ता आम्हीही तेच केलं, पाहा: 'रूढ झालं ते येस्पर्सनमुळे' एवढंच म्हणायचं राहिलं!)

मराठीत हा सांधा सांभाळतं ते एक छोटं सर्वनाम: तो, ती, ते. "गाडी धावली ती ठाण्याला", "रूळ टाकले ते ठाण्यापर्यंत", "त्याने मुलीला बोलावलं ते जेवायला". हे सर्वनाम क्रियापदाच्या लिंगवचनाने चालतं. शेवटच्या वाक्यात मुलगी असूनही 'ते' आलं, कारण 'बोलावलं' नपुंसकलिंगी आहे. बोलताना आपण या सर्वनामानंतर किंचित थांबतो, आधी नाही. "गाडी आली, ती ठाण्याला गेली" यात आधी थांबतो; तिथे 'ती' म्हणजे नुसती गाडी, आणि वाक्यं दोन. आमच्या व्याख्यानांचं शब्दांकन करणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे की स्वल्पविराम जपून द्यावा.

आता इतिहासाकडे येऊ, कारण इतिहास लिहिणाऱ्यांना ही रचना फार आवडते. एक वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं: "भारतात आगगाडी पहिल्यांदा धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे." वाचणाऱ्याचं सगळं लक्ष तारखेवर आणि ठाण्यावर जातं. ठाणेकरांचं तर जातंच. तपासायचं तर नकार देऊन पाहावं: "छे, १६ एप्रिलला नव्हे." म्हणजे तारीख नाकारली, 'भारतात आगगाडी पहिल्यांदा धावली' हा भाग जसाच्या तसा उभा राहिला. फ्रेगेने १८९२ मध्ये केप्लरचं उदाहरण घेऊन हेच दाखवलं होतं: वाक्य नाकारलं तरी त्यात गृहीत धरलेलं नाकारलं जात नाही.

आणि चूक नेमकी त्या न नाकारलेल्या भागात आहे. १८५१ मध्येच रुडकीजवळ, गंगेच्या कालव्यासाठी सोलानी नदीवर जलसेतू बांधताना, वाफेच्या इंजिनाने माती वाहून नेली होती. म्हणजे आगगाडी आधी धावलेली होती. १८५३ ची गाडी ही प्रवाशांची पहिली गाडी. तारीख बरोबर आहे, ठाणेही बरोबर. दुरुस्ती हवी ती 'ती'च्या अलीकडे, 'प्रवाशांची' हा शब्द घालून. पण तिकडे कुणी बघतच नाही. वादविवाद होतात ते तारखांवर, आणि गृहीतं बिनतिकीट पुढे जातात.

दुसरं वाक्य अधिक नाजूक आहे: "मुंबईत रेल्वे आणली ती इंग्रजांनी." इथे कुणीतरी आणली हे गृहीत आहे, आणि ते खरंही आहे. अडचण पलीकडच्या तुकड्यात आहे. ही रचना पुढे केलेल्या उत्तराला एकटं ठेवते. "रेल्वे इंग्रजांनी आणली, आणि जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई यांनीही त्यासाठी खटपट केली" हे वाक्य सरळ चालतं. आता "रेल्वे आणली ती इंग्रजांनी, आणि शंकरशेटांनीही" असं मोठ्याने म्हणून पाहा. जीभ अडखळते, कारण 'ती'ने दार लावून घेतलेलं असतं. शंकरशेटांना आत घ्यायचं तर वाक्यच पुन्हा बांधावं लागतं. 'इंग्रजांनीच' असं लिहिलं असतं तर वाचकाने निदान भुवया उंचावल्या असत्या. 'च' डोळ्यांत भरतो. 'ती' भरत नाही, म्हणून शंकरशेट वगळले गेले हे लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.