बम्प टेस्ट आणि पूर्ण कॅलिब्रेशन

मॅनहोल, टाकी किंवा अशाच बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी हवा तपासणाऱ्या हातातल्या गॅस डिटेक्टरच्या या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. बम्प टेस्टमध्ये सेन्सरवर थोडा वेळ चाचणीचा वायू सोडतात आणि आकडा चढून अलार्म वाजतो का, एवढेच पाहतात. पूर्ण कॅलिब्रेशनमध्ये स्वच्छ हवेत शून्य ठरवून, मग नेमके प्रमाण ठाऊक असलेला वायू देऊन उपकरणाचा आकडा त्या प्रमाणाशी जुळवतात. पहिलीत उपकरणात काहीही बदलत नाही. दुसरीत त्याचे मोजमाप दुरुस्त होते.

गटारकामात सहसा चार वायूंचा डिटेक्टर वापरतात. तो ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजतो.

यातल्या विषारी आणि ज्वलनशील वायूंच्या सेन्सरांची अडचण शून्यात आहे. स्वच्छ हवेत चांगला सेन्सर शून्य दाखवतो आणि निकामी झालेलाही शून्यच दाखवतो. बॅटरी भरलेली असते, पडदा उजळतो, पण चिखलाने जाळी बुजलेली असली तर वायू आत पोचतच नाही. सिलिकॉन असलेल्या स्प्रेची वाफही ज्वलनशील वायूच्या उत्प्रेरक सेन्सरला कायमचे दुबळे करते. म्हणून प्रत्येक दिवशी वापरापूर्वी बम्प टेस्ट करावी, अशी शिफारस असते.

तिची मर्यादा एका उदाहरणात दिसते. हवेत मिथेन ५ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. ही स्फोटाची खालची मर्यादा, म्हणजे एलईएल. चाचणीच्या सिलिंडरमध्ये २.५ टक्के मिथेन असेल, तर पडद्यावर ५० टक्के एलईएल यायला हवे. समजा, ३० आले. अलार्म १० वर लावलेला असल्याने तो वाजतो आणि बम्प टेस्ट उत्तीर्ण ठरते. मात्र हा सेन्सर प्रत्येक आकडा सुमारे ४० टक्के कमी सांगतो आहे. मॅनहोलमध्ये खरोखर १० टक्के एलईएल असताना पडद्यावर ६ दिसतील आणि अलार्म जवळपास १७ पर्यंत गप्प राहील.

त्यामुळे अलार्मसोबत आकडाही पाहावा. तो निर्मात्याने दिलेल्या फरकापेक्षा जास्त चुकला, तर पूर्ण कॅलिब्रेशन करावे. निर्मात्याची मुदत भरल्यावर, उपकरण जोरात आपटल्यावर किंवा पाण्यात पडल्यावरही ते करतात. कॅलिब्रेशननेही आकडा जुळत नसेल, तर सेन्सर बदलावा लागतो.

चाचणीच्या वायूची निवडही महत्त्वाची असते. उत्प्रेरक सेन्सर दुबळा होताना मिथेन ओळखण्याची क्षमता बहुधा आधी जाते, प्रोपेनची नंतर. गटारासाठीच्या डिटेक्टरची चाचणी फक्त प्रोपेनवर केली, तर नेमका हाच बिघाड निसटू शकतो. सिलिंडरची मुदतही तपासावी, कारण त्यातला हायड्रोजन सल्फाइड काळाबरोबर कमी होत जातो. अशा जुन्या वायूवर कॅलिब्रेशन केले, तर उपकरणाचा आकडाच चुकीच्या प्रमाणाशी जुळवला जातो.