जळालेली अक्षरं

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा पडद्यावरची माणसं मुकी होती. काय चाललंय हे कळावं म्हणून फाळके मधूनमधून इंग्रजी आणि हिंदी मजकुराच्या पाट्या दाखवत. मूकपटांच्या अशा पाट्या बहुधा काळ्या असत आणि अक्षरं पांढरी. वाचायला सोपं, कारण अक्षरांमागे दुसरं काही नसे. पण वाचून होईपर्यंत चित्रही नसे.

बोलपट आल्यावर ही सोय गेली. नट बोलत असताना मध्येच पाटी कशी घालणार? परभाषेतल्या प्रेक्षकासाठी मजकूर थेट चित्रावर उमटवणं भाग पडलं. १९३० च्या दशकात युरोपात त्यासाठी एक पद्धत रुळली. फिल्मवर मेणाचा पातळ थर द्यायचा. प्रत्येक वाक्याचा छोटा धातूचा ठसा तापवून तो फ्रेमवर दाबायचा, म्हणजे अक्षरांपुरतं मेण वितळतं. मग फिल्म रसायनातून काढली की उघड्या पडलेल्या जागेवरचं चित्र विरघळून जातं आणि पारदर्शक फिल्म उरते. तिच्यातून प्रकाश आरपार जातो, म्हणून पडद्यावर अक्षरं पांढरी दिसतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे चार सेकंदांच्या एका वाक्यासाठी ९६ वेळा ठसा. चूक झाली तर ती प्रिंट गेली!

या पद्धतीतली मोठी अडचण म्हणजे अक्षरं फक्त पांढरीच निघत आणि त्यांच्या कडा थोड्या फाटक्या असत. पात्रानं पांढरा शर्ट घातला किंवा मागे बर्फ असला, की वाक्य गडप. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लेझरनं अक्षरं कोरायला सुरुवात झाली. लेझर फिल्मवरचा थर खरोखरच जाळतो आणि जळताना अक्षराच्या कडेला बारीक काळसर रेघ राहते. त्या रेघेमुळे पांढऱ्यावरचं पांढरंही वाचता येऊ लागलं. आपण 'बर्न केलेले' सबटायटल म्हणतो, ते एके काळी शब्दशः जाळलेले होते.

२०१३ मध्ये फेसबुकनं फीडमधले व्हिडिओ आपोआप, पण आवाज बंद ठेवून सुरू करायला घेतलं आणि मूकपटाचा प्रेक्षक परत आला. फरक एवढाच, की हा तिकीट काढून बसलेला नाही. काळी पाटी दाखवून त्याला थांबवायला गेलात, तर अंगठा सरकतो. म्हणून पहिलं वाक्य पहिल्याच फ्रेमपासून हवं, आणि मागचं चित्र चालू हवं.

समजा, उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ आहे. पांढरी उकड, त्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे जुनंच दुखणं. अक्षरांमागे काळी पट्टी टाकायची, पण ती किती गडद? वेब सुगम्यतेच्या निकषांप्रमाणे साध्या आकाराच्या अक्षराला किमान ४.५ पट कॉन्ट्रास्ट लागतो. पांढऱ्यावर ५० टक्के काळी पट्टी टाकली, तर तिचा राखाडी रंग होतो आणि कॉन्ट्रास्ट चारच्या किंचित खाली राहतो. पट्टी ६० टक्के केली की तो साडेपाचच्या पुढे जातो. अर्धपारदर्शक म्हणून सवयीनं ५० वर ठेवलेली पट्टी नेमकी उकडीवर फसते ती अशी.

पट्टी नको असेल, तर लेझरसारखी काळी कड द्यावी. देवनागरीत मात्र ती बेतानं. कड जाड झाली की 'ष' आणि 'क्ष' यांची पोटं भरून जातात, आणि दोन ओळी जवळ असल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. मजकूर अगदी तळाशीही नको. तिथे ॲप स्वतःचं नाव-गाव लिहितं.

आता वेळ. सबटायटलवाल्यांचा जुना हिशेब असा, की दोन भरलेल्या ओळींना सहा सेकंद. आपली मोदकवाली ताई म्हणते, 'उकड गरम असतानाच मळायची, गार झाली की पारीला चिरा जातात.' हे स्वल्पविरामाशी तोडायचं. पहिल्या तुकड्याला दोन सेकंद लागतील. ताईनं तो दीडच सेकंदात म्हटला असेल, तर अक्षरं पळवण्यापेक्षा 'उकड गरमच मळायची' एवढंच लिहावं. दोन तुकड्यांमध्ये दोन फ्रेम रिकाम्या सोडाव्यात, नाहीतर मजकूर बदलला हे डोळ्याला कळतच नाही.

एकेक शब्द उसळत दाखवण्याची सध्याची फॅशन मला इथे पटत नाही. नजर त्या शब्दांवर खिळते, आणि ताईची बोटं पारीला कळ्या कशा पाडतात हे बघायचं राहून जातं.