आरसीसीबी वारंवार पडण्याचे कारण शोधणे

आरसीसीबी हा फेज व न्यूट्रल तारांतील विद्युतप्रवाहांची तुलना करणारा सुरक्षा-खंडक आहे. घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअर क्षमतेचा असतो आणि या दोन प्रवाहांतील फरक १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान गेला की तो पुरवठा तोडतो. दोष डोळ्यांना दिसत नसल्यास सदोष उपकरण एकेक वगळून शोधले जाते.

प्रथम सर्व उपकरणांचे प्लग सॉकेटमधून बाहेर काढतात. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण ते बहुधा फक्त फेज तोडते; न्यूट्रल जोडलेलीच राहते. उदाहरणार्थ, गिझरच्या तापकतारेतून न्यूट्रलच्या टोकाजवळ गळती असेल, तर गिझर बंद असतानाही इस्त्री लावताच आरसीसीबी पडू शकतो. इस्त्रीचा परतणारा काही प्रवाह गिझरमार्गे अर्थिंगमध्ये जातो आणि दोष निर्दोष इस्त्रीवर येतो. गिझरचा प्लग काढल्यावर इस्त्री सुरळीत चालली, तर खरा दोष उघड होतो.

यानंतर आरसीसीबी चालू करून उपकरणे एकेक जोडतात व प्रत्येक पुरेसा वेळ चालवतात. फ्रीजमधील बर्फ वितळवणारा हीटर काही तासांनीच सुरू होतो. कोणतेही उपकरण एकटे दोषी न ठरल्यास अनेकांची अल्प गळती एकत्र होत असावी. सर्व प्लग काढूनही आरसीसीबी पडत असल्यास दोष वायरिंगमध्ये, स्थायी जोडणीच्या उपकरणात किंवा खुद्द आरसीसीबीत असतो. ती तपासणी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी लागते.