बाजारप्रवेशातील अडथळे

एखाद्या धंद्यात चांगला नफा दिसत असूनही नव्या माणसाला त्यात उतरता येत नाही किंवा उतरल्यावर टिकता येत नाही, यामागच्या कारणांना अर्थशास्त्रात बाजारप्रवेशातील अडथळे म्हणतात. जो बेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. पुढे जॉर्ज स्टिगलरने व्याख्या आवळली : जो खर्च फक्त नव्याला पडतो आणि जुन्याला पडत नाही, तोच खरा अडथळा. या व्याख्येने पाहिले, तर भांडवल मोठे लागते एवढ्यावरून अडथळा ठरत नाही, कारण ते जुन्यानेही कधीतरी घातलेलेच असते.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात या विषयाचे जवळचे उदाहरण म्हणजे साखर कारखाना. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने पुरुषोत्तमनगर येथे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या शेजारी दुसरा कारखाना काढायचा, तर पहिली आडकाठी कायद्याची येते. साखर उद्योग १९९८ मध्ये परवानामुक्त झाला, पण अंतराची अट राहिली. ऊस (नियंत्रण) आदेशातील २००६ च्या दुरुस्तीनुसार जुन्या कारखान्यापासून १५ किलोमीटरच्या आत नवा कारखाना काढता येत नाही. राज्याला केंद्राच्या संमतीने हे अंतर वाढवता येते आणि महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. अंतर रस्त्याने नव्हे, हवाई मोजतात. शिवाय नव्याला एक कोटी रुपयांची बँक हमी द्यावी लागते आणि ठरल्या मुदतीत काम पुढे सरकले नाही, तर ती जप्त होऊ शकते.

१५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे ७०७ चौरस किलोमीटर, २५ चे सुमारे १,९६३. म्हणजे दहा किलोमीटर वाढवल्याने बंद झालेला टापू जवळपास पावणेतीन पट झाला. जुन्या कारखान्याला मात्र त्याच जागेवर गाळपक्षमता वाढवायला ही अट आड येत नाही. स्टिगलरच्या कसोटीला हा अडथळा चोख उतरतो.

कायदा बाजूला ठेवला तरी ऊस उरतोच. रोज २,५०० टन गाळणारा कारखाना १५० दिवस चालवायचा, तर पावणेचार लाख टन ऊस हवा. हेक्टरी ७५ टन उतारा धरला, तर पाच हजार हेक्टर, म्हणजे ५० चौरस किलोमीटर. २५ किलोमीटरच्या वर्तुळाच्या मानाने हा तुकडा अडीच टक्केच आहे. पण उसाला बारमाही पाणी लागते आणि पाण्याखालच्या जमिनीवर केळी, पपई, कापूस यांचाही हक्क असतो. त्यात अडसाली ऊस तयार व्हायला दीड वर्ष लागते. कारखाना दिसल्याशिवाय शेतकरी लावणार नाही, आणि लावण झाल्याशिवाय पहिला हंगाम भरणार नाही.

तोडणीचा भाग बाहेरच्या माणसाच्या नजरेत सहसा येत नाही. ऊस तोडल्यावर त्यातली साखर घटू लागते, म्हणून तो शक्यतो दिवसभरात गव्हाणीत पडावा लागतो. महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक कारखानाच लावतो आणि तिचा खर्च उसाच्या पैशातून कापतो. त्यासाठी मुकादमांना हंगामाच्या आधीच उचल द्यावी लागते. टोळ्या कमी आल्या की गव्हाण रिकामी राहते, गाळप अडखळते. आणि थांबलेला कारखाना पुन्हा सुरू करण्याचा खर्च वेगळा. कोणता मुकादम उचल घेऊन दुसरीकडे जाईल, कोणत्या गावचा रस्ता पावसानंतर महिनाभर चिखलात असतो, ही माहिती जुन्या शेतकी विभागाकडे असते. प्रकल्प अहवालात ती मिळत नाही. यंत्रे विकत घेता येतात, म्हणून ती नक्कल करायला सर्वांत सोपी, असे म्हटले तरी चालेल.

या अडथळ्यांना मर्यादाही आहेत. महाराष्ट्रात कारखान्यांची क्षेत्रबंदी १९९७ मध्ये उठली, तेव्हापासून शेतकरी आपला ऊस हव्या त्या कारखान्याला घालू शकतो. अंतराची अट कारखान्याची जागा राखते, ऊस राखत नाही. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. ते थकले की पुढच्या हंगामात शेतकरी दुसरीकडे वळतो आणि संरक्षित जागेतला कारखानाही अर्धपोटी चालतो. २०१२ च्या रंगराजन समितीने अंतराची अट काढण्याची शिफारस केली, कारण या अटीने उसासाठीची स्पर्धा घटते. कारखानदारांचा युक्तिवाद असा की, अट गेली तर दोघांनाही ऊस पुरणार नाही. कोरड्या वर्षी तो खरा असतो. मात्र चांगल्या पावसाच्या वर्षी, शेतात ऊस उभा राहून वाळत असतानाही तोच ऐकू येतो.

अट मोडता येत नसल्याने नवे लोक बहुधा जुना, अडचणीतला कारखाना विकत किंवा भाडेपट्ट्याने घेतात. नंदुरबारजवळ समशेरपूरला सहकारी म्हणून उभा राहिलेला पुष्पदंतेश्वर कारखाना असाच पुढे खासगी मालकीत गेला. अशा खरेदीत इमारत आणि यंत्रांबरोबर नकाशावरची हक्काची जागा मिळते. ऊस आणि टोळ्या मात्र नव्या मालकाला पहिल्या हंगामापासून नव्याने जमवाव्या लागतात, आणि आधीच्या मालकाने थकवलेल्या बिलांची आठवण शेतकरी त्यालाच करून देतात.