चेतातंतूंचे वेग आणि संयुक्त क्रियाविभव

संयुक्त क्रियाविभव म्हणजे एका चेतेतल्या असंख्य तंतूंमधून जाणाऱ्या विद्युत्-संदेशांची, चेतेच्या बाहेरून घेतलेली एकत्रित नोंद. एकेका तंतूचे क्रियाविभव ‘सर्व किंवा काहीच नाही’ या नियमाने चालते. उद्दीपन उंबरठ्याच्या खाली असेल तर काहीच घडत नाही आणि उंबरठा ओलांडला की संदेश पूर्ण उंचीचाच उमटतो. अखंड चेता मात्र हा नियम पाळताना दिसत नाही. विजेचा झटका हळूहळू वाढवला तर नोंदीतली लाटही हळूहळू उंचावते, कारण प्रत्येक वाढीबरोबर आणखी काही तंतू जागे होतात. जाड तंतू आधी जागे होतात, बारीक शेवटी. झटका कितीही वाढवला तरी लाट आणखी उंच होत नाही, तेव्हा त्या गटातले सगळे तंतू कामाला लागलेले असतात.

अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ अर्लँगर आणि हर्बर्ट गॅसर यांनी १९२२ पासून बेडकाच्या चेतेतली ही लाट कॅथोड-किरण नळीवर पाहायला सुरुवात केली. त्याआधीच्या उपकरणांतले हलणारे भाग जड होते आणि मिलिसेकंदाच्या आत होणारा बदल त्यांना पकडता येत नसे. इलेक्ट्रॉनांच्या झोताला तशी जडता नाही. पण पडद्यावरची रेघ इतकी फिकी असे, की तोच झटका पुन्हापुन्हा देऊन रेघा एकमेकींवर चढवाव्या लागत, तेव्हा कुठे छायाचित्र उमटे. उत्तेजक आणि नोंदणारे इलेक्ट्रोड जवळजवळ असताना एकच लाट दिसे. दोहोंतले अंतर वाढवले की लाटेच्या उतारावर दुसरा उंचवटा वर येई, मग तिसरा. या उंचवट्यांना त्यांनी अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरे दिली. पुढे सगळ्या तंतूंची ए, बी आणि सी अशा तीन गटांत विभागणी झाली. या कामासाठी दोघांना १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंतर वाढवल्यावर उंचवटे सुटे का होतात, हे मॅरेथॉनमध्ये दिसते. पहिल्या शंभर मीटरवर सगळे धावपटू एकाच घोळक्यात असतात, दहाव्या किलोमीटरला त्यांची लांब रांग होते. माणसाच्या चेतेचे ढोबळ आकडे घेऊन हिशेब करता येतो. ए-अल्फा तंतू सेकंदाला ७० ते १२० मीटर वेगाने संदेश नेतात, ए-डेल्टा सुमारे १२ ते ३० मीटर, तर मायलिन नसलेले सी तंतू अर्धा ते दोन मीटर. नोंदणारा इलेक्ट्रोड १० सेंटिमीटरवर ठेवला, तर अल्फा गटातला सर्वांत वेगवान संदेश ०.८ मिलिसेकंदात पोचतो आणि सर्वांत मंद १.४ मिलिसेकंदात. हा फरक एका क्रियाविभवाच्या कालावधीएवढाच असल्याने सगळे संदेश एकमेकांवर चढतात आणि उंच, टोकदार लाट तयार होते. सी गटातले संदेश त्याच ठिकाणी ५० ते २०० मिलिसेकंदांच्या दरम्यान कधीही पोचतात. एकेक संदेश जेमतेम दोन-तीन मिलिसेकंदांचा, आणि ते सगळे दीडशे मिलिसेकंदांवर पसरलेले. परिणामी सी गटाची लाट बुटकी आणि पसरट असते. ती दिसायला उपकरणाची संवेदनशीलता खूप वाढवावी लागते आणि पडद्याचा काळही लांबवावा लागतो. बारीक तंतूंचा बाह्य विद्युत्-प्रवाह मुळात क्षीण असतो, तोही लाट बुटकी राहण्याचे एक कारण. त्वचेकडून येणाऱ्या चेतेत सी तंतूंची संख्या मायलिनयुक्त तंतूंच्या कितीतरी पट असते, पण नोंद बघून तसे कोणालाही वाटणार नाही.

हाच वेळेचा फरक अनुभवालाही येतो. पायाचे बोट ठेचले की आधी तीक्ष्ण, नेमकी जागा सांगणारी कळ येते आणि काही क्षणांनी ठसठसणारी, पसरट वेदना. पहिली ए-डेल्टा तंतूंची, दुसरी सी तंतूंची. सेकंदाला २० मीटर वेगाने एक मीटर अंतर ५० मिलिसेकंदांत कापले जाते, तर सेकंदाला एक मीटर वेगाने त्यालाच पूर्ण सेकंद लागतो.

वेगांतल्या या शंभरपट तफावतीचे मूळ तंतूच्या रचनेत आहे. संदेश पुढे सरकतो तो तंतूच्या आतून वाहणाऱ्या प्रवाहामुळे. हा प्रवाह पुढच्या पटलावरचा विद्युत्-भार बदलून त्याला उंबरठ्यापर्यंत आणतो. तंतू जितका जाड, तितका आतला रोध कमी आणि प्रवाहाची पोच लांब. मात्र जाडीबरोबर पटलही वाढते आणि त्यावरचा भार बदलायला जास्त प्रवाह खर्च होतो. म्हणून मायलिन नसलेल्या तंतूत वेग जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढतो. वेग दुप्पट हवा असेल तर जाडी चौपट करावी लागते. स्क्विड या समुद्री प्राण्याने तेच केले आहे. त्याचा महाअक्षतंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असूनही वेग सेकंदाला साधारण २५ मीटरच. मांजराचा मायलिनयुक्त तंतू चार-पाच मायक्रोमीटर जाडीतच तेवढा वेग गाठतो. अर्थात मांजराचा तंतू शरीराच्या तापमानाला काम करतो आणि स्क्विडचा थंड पाण्यात, त्यामुळे सगळे श्रेय मायलिनला देता येत नाही. तरीही शंभरपट जाडीची बचत केवळ उष्णतेने होत नाही.

परिघीय चेतेत मायलिन तयार करतात त्या श्वान पेशी. पेशी आपले पटल अक्षतंतूभोवती अनेक वेढ्यांत गुंडाळते. वेढे वाढले की गळती कमी होते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पटलाची विद्युत्-धारिता घटते. एका श्वान पेशीचे आवरण संपून दुसरीचे सुरू होते तिथे जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरची उघडी फट राहते. हाच रॅन्व्हिएरचा नोड. सोडियमच्या वाहिन्या प्रामुख्याने इथेच दाटीने बसलेल्या असतात. दोन नोडमधले अंतर तंतूच्या जाडीच्या साधारण शंभर पट असते. म्हणजे जाडी वाढली की नोडही तेवढेच लांब जातात, आणि त्यामुळे मायलिनयुक्त तंतूत वेग जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतो. हर्श यांनी १९३९ मध्ये मांजरावर केलेल्या मोजणीतून आलेला हिशेब आजही वापरात आहे : बाह्य व्यासाच्या दर मायक्रोमीटरमागे सेकंदाला सुमारे सहा मीटर. वीस मायक्रोमीटरच्या तंतूसाठी तो १२० मीटर येतो.

संदेश खरोखर नोडवरून नोडवर उड्या मारतो का, हा प्रश्न बराच काळ तर्काचाच होता. जपानमध्ये इचिजी तासाकी यांनी बेडकाचा एकच तंतू सुटा करून त्यावर प्रयोग केले. नोडपाशी अगदी थोड्या विजेने तंतू जागा होई. बधिर करणारे औषध दोन नोडमधल्या भागावर लावले तर काही फरक पडत नसे, नोडवर लावले तर तो नोड निकामी होई. तरीही एकच नोड बंद पडल्याने संदेश थांबत नसे, तो पुढच्या नोडवर पोचे. १९४९ मध्ये अँड्र्यू हक्सली आणि रॉबर्ट स्टाम्फ्ली यांनी बेडकाचा तंतू एका बारीक काचनळीतून थोडाथोडा ओढत जागोजागीचा प्रवाह मोजला. दोन नोडमधल्या संपूर्ण भागात प्रवाहाचा कळस जवळजवळ एकाच वेळी येत होता. नोड ओलांडला की मात्र सुमारे दशांश मिलिसेकंदाचा उशीर दिसे. शिवाय प्रवाह आत शिरत होता तो फक्त नोडपाशीच.

‘उडी’ या शब्दाने एक चुकीचे चित्र मनात ठसते : एक नोड पेटला, विझला, मग पुढचा पेटला. प्रत्यक्षात तसे नसते. सेकंदाला १०० मीटर वेग आणि अर्धा मिलिसेकंद कालावधी असलेला संदेश कोणत्याही क्षणी पाच सेंटिमीटर लांबीवर पसरलेला असतो. नोडमधले अंतर दीड मिलिमीटर धरले, तर एकाच वेळी तीसेक नोड क्रियेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. म्हणूनच एखादा नोड बंद पडल्याने वहन अडत नाही. मागच्या अनेक नोडचा प्रवाह पुढे ढकलत असतो.

मायलिन गेले की मागच्या नोडकडून मिळणारी ही शिल्लक संपते. प्रवाह वाटेतच गळतो, पुढच्या नोडला उंबरठ्यावर यायला उशीर लागतो आणि तरीही तो पोचला नाही तर वहन तिथेच थांबते. रुग्णालयातली चेतावहन तपासणी नेमके हेच शोधते. मनगट आणि कोपर अशा दोन ठिकाणी मीडियन चेतेला झटका देऊन अंगठ्याच्या बुंध्याशी असलेल्या स्नायूचा प्रतिसाद टिपतात. समजा मनगटावरच्या झटक्यानंतर ३.५ मिलिसेकंदांनी प्रतिसाद आला आणि कोपरावरच्या झटक्यानंतर ७.७ मिलिसेकंदांनी. दोन जागांमधले अंतर २२ सेंटिमीटर असेल, तर २२० मिलिमीटरला ४.२ ने भागून वेग येतो सेकंदाला ५२ मीटर, म्हणजे निरोगी. दोन जागा घेण्याचे कारण असे की चेता-स्नायू जोडापाशी जाणारा वेळ दोन्ही आकड्यांत सारखाच असतो आणि वजाबाकीत उडून जातो.

आता त्याच हातात कोपरावरून ७.७ ऐवजी १२.५ मिलिसेकंद लागले, तर वेग २४ मीटरवर उतरतो. एवढी घसरण केवळ तंतू मेल्याने होत नाही, ती मायलिन बिघडल्याची खूण आहे. गियाँ-बारे विकारात असे दिसते. तंतू मात्र सारख्याच प्रमाणात मंदावत नाहीत. काही फार मागे पडतात, काही थोडेच, म्हणून कोपरावरून आलेली लाट बुटकी, पसरट आणि फाटलेली दिसते. लाट पसरली नाही, पण तिची उंची आणि क्षेत्रफळ दोन्ही घटले, तर काही तंतूंत वहन पूर्ण अडले असे समजतात. याउलट अक्षतंतूच नष्ट झाले असतील तर मनगट आणि कोपर दोन्हीकडून लाट सारखीच लहान येते. उरलेल्या तंतूंत वेगवान तंतू असतील तोवर वेगाचा आकडा जवळपास ठीक राहतो. संवेदी तंतूंच्या नोंदीत आणखी एक अडचण आहे. त्यांची क्रियाविभवे इतकी आखूड असतात की लांब अंतरावर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडून दोन्ही एकमेकांना खोडतात, आणि निरोगी माणसातही कोपरावरून घेतलेली लाट लहान दिसते.

तपासणीआधी हाताचे तापमान पाहावेच लागते. त्वचा एका अंशाने थंड झाली की वेग सेकंदाला दीड-दोन मीटरने उतरतो. हात पाच-सहा अंशांनी गार असला की निरोगी चेताही आजारी ठरू शकते. अनुभवी तंत्रज्ञ म्हणूनच आधी हात कोमट पाण्यात ठेवायला सांगतो.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. या तपासणीत मोजला जाणारा वेग सर्वांत वेगवान तंतूंचा असतो, आणि लाटेची उंचीही जाड तंतूच ठरवतात. मधुमेहाने सुरुवातीला फक्त बारीक तंतूंना इजा केली तर रुग्णाचे तळवे रात्रभर जळत राहतात आणि अहवाल मात्र निर्दोष येतो. सी तंतूंची बुटकी लाट नेहमीच्या उपकरणावर उमटतच नाही. अशा वेळी घोट्याच्या वरून तीन मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढून, बाह्यत्वचेत शिरणारे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.